मूठभर मूग, चमचाभर मीठ आणि परिकल्पना: नववीच्या प्रकल्पाबद्दल प्रश्नोत्तरे

माझा विषय ‘खारं पाणी आणि शेती’ आहे. बांध फुटला की आमच्याकडे भरतीचं पाणी शेतात शिरतं, म्हणून तो घेतला. ‘खाऱ्या पाण्यामुळे शेतीचं नुकसान होतं’ अशी परिकल्पना लिहिली, तर बाई म्हणाल्या की ही परिकल्पनाच नाही. का?
*विद्यार्थिनी, इयत्ता नववी, देवगड*

बाईंचं बरोबर आहे, आणि तुझं वाक्यही खोटं नाही. अडचण एवढीच की ते वाक्य घेऊन उद्या सकाळी प्रयोगाला बसलीस, तर हात कुठे घालायचा ते कळणार नाही. खारं म्हणजे किती खारं? शेती म्हणजे कुठलं पीक? नुकसान कशात मोजायचं, किलोत, रुपयांत की पानांच्या रंगात? तुझ्या वाक्यातला एकेक शब्द पकडू आणि तो मोजता येईल असा करू.

‘खारं’चं काम सोपं आहे: एक लिटर पाण्यात किती ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीचं पाणी भरती-ओहोटीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे त्याहून कमी. म्हणजे आपला खेळ ० ते ३५ च्या मधला आहे.

‘शेती’च्या जागी एक बी घे. तुमच्याकडे भात असतो हे मला माहीत आहे, पण मी मूग सुचवेन. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कोकणात कुळीथ, वाल, मूग घेतातच, त्यामुळे गावाशी नातं तुटत नाही. शिवाय मुगाला दोन दिवसांत मोड येतो, म्हणजे प्रयोग फसला तर त्याच आठवड्यात पुन्हा करता येतो.

‘नुकसान’ म्हणजे २० पैकी किती मूग ४८ तासांत उगवले. इथेही एक शब्द निसटू देऊ नकोस. ‘उगवला’ कशाला म्हणायचं ते आधीच ठरव. साल फुटून पांढरा मोड किमान २ मिलीमीटर बाहेर आला तर उगवला, नाहीतर नाही. हे आधी ठरलं नसेल तर मोजताना आपलं मन हळूच आपल्याला हव्या त्या बाजूला झुकतं.

आता वाक्य असं होईल: ‘पाण्यातलं मिठाचं प्रमाण लिटरमागे ० पासून १६ ग्रॅमपर्यंत वाढवत नेलं, तर ४८ तासांत उगवणाऱ्या मुगांची संख्या कमी होत जाईल, कारण खाऱ्या पाण्यातून बीला पाणी ओढून घेणं अवघड जातं.’ शेवटचा ‘कारण’ महत्त्वाचा आहे. तो परासरणाच्या धड्यातून आला आहे, हवेतून नाही.

वाक्य झालं की त्याला एक प्रश्न विचार: काय दिसलं तर मी ‘माझं चुकलं’ असं लिहीन? इथे उत्तर तयार आहे. १६ ग्रॅमच्या बशीत साध्या पाण्याइतकेच मूग उगवले, तर चुकलं. तुझ्या पहिल्या वाक्याला हा प्रश्न विचारून बघ. कुठलाही निकाल आला तरी ते वाक्य तसंच उभं राहतं, कारण त्याला पाडता येईल असं त्यात काहीच नाही. बाई हेच सांगत होत्या.

मग हे १६ आलं कुठून? मुख्य प्रयोगाआधी एक छोटी चाचणी घे. तीन बश्या, ०, १० आणि २० ग्रॅम. २० मध्ये जवळपास काहीच उगवलं नाही आणि १० मध्ये बरेच उगवले, तर सगळी गंमत त्या मधल्या भागात आहे. मुलं बहुतेक वेळा ०, १ आणि २ ग्रॅम घेतात. मूग तेवढ्या मिठाला सहसा दाद देत नाही, आणि मग ‘मिठाचा परिणाम होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

शब्दाबद्दलही थोडं. काही पुस्तकांत परिकल्पनेलाच ‘गृहीतक’ म्हणतात. चूक नाही, पण मी वर्गात ते टाळतो. गृहीत धरलेली गोष्ट आपण तपासत नाही, आणि इथे तर तपासायचंच आहे.

मुलं ‘स्वतंत्र चल, अवलंबी चल’ पाठ म्हणतात, पण स्वतःच्या प्रयोगात ते दाखवा म्हटलं की गप्प होतात. आणि खरं सांगायचं तर ‘नियंत्रण’ म्हणजे सारख्या ठेवलेल्या गोष्टी की साध्या पाण्याची बशी, यात माझाही गोंधळ होतो.
*विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा*

मॅडम, गोंधळ शब्दाचा आहे, तुमचा नाही. एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी चालतात. मी मुलांना व्याख्या द्यायच्या आधी वहीत तीन वाक्यं पुरी करायला सांगतो: मी बदलतो ते… मी मोजतो ते… मी तसंच ठेवतो ते… आणि प्रत्येकासमोर एकक. मुगाच्या प्रयोगात ‘मी बदलतो ते मिठाचं प्रमाण, ग्रॅम प्रति लिटर’, हा स्वतंत्र चल. ‘मी मोजतो ते ४८ तासांत उगवलेले मूग, २० पैकी संख्या’, हा अवलंबी चल. एकक लिहिता आलं नाही की समजायचं, चल अजून सापडलेला नाही. ‘पाण्याचा प्रकार’ असं लिहिणाऱ्या मुलाला एककच सुचत नाही, आणि तो तिथेच विचारात पडतो.

तिसरं वाक्य सगळ्यात लांब होतं, आणि ते तसंच व्हायला हवं. हे नियंत्रित चल. मुलं तिथे ‘तापमान, प्रकाश, पाणी सारखं’ एवढं लिहून मोकळी होतात. त्यांना विचारा, सारखं कसं ठेवलंस? ‘सगळ्या बश्या एकाच फळीवर, सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरची नोंद’ हे उत्तर झालं. पाणी प्रत्येक बशीत १० मिलिलिटर, मोजपात्राने. खाली टिश्यू पेपरच्या सारख्याच घड्या. मूग एकाच पुडीतले, फुटके आणि किडके आधीच निवडून काढलेले. आणि बशी फळीवर कुठे ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. नाहीतर साध्या पाण्याच्या बश्या एका टोकाला आणि खाऱ्या शेगडीच्या बाजूला, असं नकळत होऊन बसतं.

घरच्या सवयीतून येणारी एक गोष्ट मी कितीतरी प्रकल्पांत पाहिली आहे. उसळीसाठी करतात तसे मूग रात्रभर साध्या पाण्यात भिजवले जातात आणि सकाळी खाऱ्या पाण्याच्या बशीत ठेवले जातात. मग सगळीकडे सारखेच मोड येतात आणि मूल गोंधळतं. बीने लागणारं पाणी रात्रीच पिऊन घेतलेलं असतं. आपल्याला तपासायचं होतं ते खाऱ्या पाण्यातून पाणी ओढणं, आणि ती पायरी तर साध्या पाण्यातच उरकली. मूग कोरडेच बशीत जायला हवेत.

आता दुसरा अर्थ. साध्या पाण्याची बशी म्हणजे नियंत्रण संच. मी तिला सरळ ‘तुलनेची बशी’ म्हणतो. तिच्यात बाकी सगळं तेच, फक्त मीठ नाही. तिचं काम काय ते गणंग दाण्यांवरून छान कळतं. प्रत्येक पुडीत थोडे मूग असे असतात की कितीही भिजवा, दगडासारखे राहतात. १६ ग्रॅमच्या बशीत तीन मूग उगवले नाहीत, तर ते मिठामुळे की मुळात गणंग म्हणून? एकट्या त्या बशीकडे बघून कोणालाच सांगता येणार नाही. साध्या पाण्यात २० पैकी १९ उगवले असतील, तर या पुडीत विसातला साधारण एक दाणा तसाही उगवत नाही हे कळलं. मग बाकीच्या बश्यांचे आकडे त्या १९ शी ताडायचे, २० शी नाही.

मिठाच्या पाण्याचं म्हणाल तर, शाळेच्या तराजूवर ०.४ ग्रॅम नीट तोलणं कठीण असतं. म्हणून २० ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून पाणी एक लिटरपर्यंत भरून घ्या. त्यातलं २० मिलिलिटर आणि साधं पाणी ८० मिलिलिटर म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅमचं पाणी. ४० आणि ६० म्हणजे ८ ग्रॅम, ६० आणि ४० म्हणजे १२, ८० आणि २० म्हणजे १६. प्रत्येक प्रमाणाच्या तीन बश्या करा. पाच प्रमाणं, पंधरा बश्या, तीनशे मूग. एवढे मूग खरंच मुठीत मावतात.

दुसऱ्या दिवशी बश्या सुकायला लागल्या, म्हणून मी ज्या त्या बशीत तेच मिठाचं पाणी परत घातलं. प्रमाण तेच ठेवायचं म्हणून. बरोबर केलं ना?
*विद्यार्थी, इयत्ता नववी, पुणे*

नाही, पण तू ज्या हेतूने केलंस तो हेतू अगदी बरोबर होता. फक्त एक गोष्ट सुटली: पाणी उडून जातं, मीठ उडत नाही.

तुझी ८ ग्रॅमची बशी घेऊ. तिच्यात १० मिलिलिटर पाणी होतं, म्हणजे मीठ ०.०८ ग्रॅम. समज त्यातलं ४ मिलिलिटर उडालं. उरलेल्या ६ मिलिलिटरमध्ये तेच ०.०८ ग्रॅम मीठ आहे, म्हणजे प्रमाण लिटरमागे १३ ग्रॅमच्या वर गेलं. त्यात तू पुन्हा ४ मिलिलिटर मिठाचं पाणी घातलंस, म्हणजे आणखी ०.०३२ ग्रॅम मीठ. आता १० मिलिलिटरमध्ये ०.११२ ग्रॅम. चिठ्ठीवर ‘८’ लिहिलंय आणि बशीत ११ च्या वर आहे. साध्या पाण्याच्या बशीत मात्र असं काही होत नाही, कितीही वेळा भर. म्हणजे तुझ्या नकळत खाऱ्या बश्या आणखी खाऱ्या होत गेल्या आणि तुलनेची बशी होती तशीच राहिली.

भर घालायची ती साध्या पाण्याची, आणि जेवढं उडालं तेवढीच. ते कळतं वजनावरून. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा यासाठी पुरतो. मूग, कागद, पाणी, सगळं घालून झाल्यावर प्रत्येक बशी तोलून वजन तिच्यावरच लिही. दुसऱ्या दिवशी ४ ग्रॅम कमी भरलं तर ४ मिलिलिटर साधं पाणी. बीने प्यायलेलं पाणी वजनातून जात नाही, ते बशीतच असतं. जे घटलं ते हवेत गेलेलंच.

याहून सोपं म्हणजे पाणी उडूच न देणं. घट्ट झाकणाचे सारख्या मापाचे छोटे डबे घे. ४८ तासांत आत पुरेशी हवा असते, वजन जवळपास तेवढंच राहतं, आणि भर घालायची वेळच येत नाही. मात्र डब्यात पाणी जास्त ओतू नकोस. मूग पूर्ण बुडाला की त्याला हवा मिळत नाही, मग तो मिठामुळे उगवला नाही की गुदमरला, हा नवा प्रश्न उभा राहतो.

झालेल्या नोंदी फाडू नकोस. जे घडलं ते तारखेसह लिही आणि प्रयोग पुन्हा लाव. दोन दिवसांचंच काम आहे.

मुलीच्या प्रयोगात साध्या पाण्याच्या तीन बश्यांत १९, १८, १९ मूग उगवले, आणि ४ ग्रॅम मिठाच्या बश्यांत १९, २०, १९! पुढे मात्र ८ ग्रॅमला १७, १५, १८. १२ ग्रॅमला ९, १३, ८. आणि १६ ग्रॅमला २, ४, १. ती रडवेली झाली आहे. परिकल्पना ‘थोडं मीठ चांगलं, जास्त वाईट’ अशी बदलून लिहू का?
*पालक, ठाणे*

कृपा करून बदलू नका. निकाल पाहून मागे जाऊन परिकल्पना सुधारली, तर ती परिकल्पना राहत नाही, निकालाचंच वर्णन होतं. आणि तिचे आकडे इतके चांगले आहेत की त्यांना काही करायची गरजच नाही.

तिन्ही बश्यांची बेरीज करा. साठांपैकी साध्या पाण्यात ५६, ४ ग्रॅमला ५८, ८ ला ५०, १२ ला ३० आणि १६ ला ७. आता ५६ आणि ५८ मधला फरक कितीचा, तर दोन मुगांचा. एका पुडीतले, एकाच पाण्यातले मूगही बशीबशीत एखाद-दोन दाण्यांनी मागेपुढे होतात. १२ ग्रॅमच्या तीन बश्याच बघा, ८ पासून १३ पर्यंत पसरल्या आहेत. तेव्हा दोन दाण्यांवरून ‘थोडं मीठ चांगलं’ म्हणता येणार नाही. म्हणता येईल ते एवढंच की ४ ग्रॅमपर्यंत उगवणीत फरक दिसला नाही. १२ ग्रॅमचं मात्र उलट आहे. तिथली सगळ्यात चांगली बशी, १३ ची, साध्या पाण्याच्या सगळ्यात वाईट बशीच्या, १८ च्या, कितीतरी खाली आहे. दोन्ही गट एकमेकांत मिसळतच नाहीत. नववीच्या प्रकल्पात मी यालाच खरा फरक मानतो. आणि हे बोलता येतंय ते तिने तीन-तीन बश्या घेतल्या म्हणून. एकेकच बशी असती तर हातात काहीच नसतं.

निष्कर्षात तिने असं लिहावं: ‘संख्या ० पासूनच कमी होत जाईल असं मला वाटलं होतं. तसं दिसलं नाही. ४ ग्रॅमपर्यंत ती तशीच राहिली, आणि मोठी घसरण ८ ग्रॅमच्या पुढे झाली.’ कुठलाही जाणता परीक्षक हे वाचून थांबेल. परिकल्पना पानाच्या सुरुवातीला, प्रयोगाआधीच्या तारखेसह, आहे तशीच असू द्या.

तिला करण्यासारखं आणखी एक काम आहे, त्याच बश्यांत. मूग उगवला की नाही हे मोजणं फार ढोबळ आहे. ४ ग्रॅमच्या बशीतला मूग उगवला खरा, पण त्याचं मूळ साध्या पाण्यातल्याइतकंच लांब आहे का? मूळ वाकडं असतं, म्हणून त्याच्यावर शिवणाचा दोरा ठेवून तो दोरा पट्टीवर मोजायचा. मीठ उगवणीआधी मुळाच्या लांबीवर दिसतं, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. यासाठी ती नवी परिकल्पना, नव्या तारखेने, मापं घ्यायच्या आधी लिहू शकते. तिथे ‘४ ग्रॅममध्ये मूळ आखूड असेल’ असं म्हणण्याचा तिला हक्क आहे.

मोजताना तुमचीही मदत होईल. बशीवरचे आकडे चिकटपट्टीने झाका आणि वर क, ख, ग असं काही लिहा. कुठलं अक्षर कुठलं पाणी हे फक्त तुम्हाला माहीत असू द्या. १.९ मिलीमीटरचा मोड ‘उगवला’ की ‘नाही’ हे ठरवताना तिला बशी कोणती ते कळता कामा नये.

तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, ‘मीठ बीला विषारी आहे म्हणून ती उगवत नाही, की तिला पाणी मिळत नाही म्हणून?’ मी ‘परासरण’ म्हणालो, तर ते म्हणाले, ‘तुझ्या प्रयोगातून हे कसं कळलं?’ मला उत्तर देता आलं नाही.
*विद्यार्थी, इयत्ता नववी, अलिबाग*

उत्तर नव्हतंच, कारण तुझ्याकडे तुलनेची बशी एकच होती. साधं पाणी सांगतं की मिठाने फरक पडतो. का पडतो, ते सांगायला वेगळी बशी लागते: जिच्यात पाणी तितकंच ‘अडवलेलं’ असेल, पण मीठ नसेल. साखरेने ती करता येते.

पाणी किती अडवलं जाईल हे त्यात विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं, ते कण कशाचे आहेत यावर फारसं नाही. इथे नववीतला मोल कामाला येतो. मिठाचा एक मोल म्हणजे साधारण ५८.५ ग्रॅम, आणि पाण्यात त्याचे सोडिअम आणि क्लोराइड असे दुप्पट कण होतात. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅम, आणि ती फुटत नाही, एकाचा एकच कण. म्हणजे ५८.५ ग्रॅम मिठाइतके कण मिळवायला ६८४ ग्रॅम साखर लागेल. भागाकार कर: एक ग्रॅम मिठाला साधारण ११.७ ग्रॅम साखर.

मग १२ ग्रॅम मिठाच्या पाण्यासमोर लिटरमागे १४० ग्रॅम साखरेचं पाणी ठेव. १४ ग्रॅम साखर विरघळवून पाणी १०० मिलिलिटरपर्यंत भरलं की झालं. आता तीन गट आहेत: साधं, मिठाचं, साखरेचं. परिकल्पना अशी लिही: ‘उगवण कमी होण्याचं कारण फक्त पाणी अडणं असेल, तर मीठ आणि साखर दोन्हींत सारख्याच संख्येने मूग उगवतील.’ दोन्हींत सारखी घट झाली, तर तुझं परासरण टिकलं. मिठात बरेच कमी उगवले, तर पाणी अडण्याखेरीज मीठ स्वतःही काही त्रास देतं आहे, आणि परीक्षकांचं ‘विषारी’ अगदीच चुकीचं नव्हतं.

मर्यादाही वहीत लिही. साखरेला बुरशी लवकर धरते, म्हणून डबे आधी उकळत्या पाण्याने धुऊन घे आणि ४८ तासांच्या पुढे जाऊ नकोस. पाणी गढूळ झालं किंवा आंबूस वास आला तर ती बशी बाद, आणि बाद केल्याचीही नोंद. शिवाय साखर हे अन्न आहे, ती बीत थोडीफार शिरू शकते. त्यामुळे हा पुरावा पक्का नाही, पण परीक्षकांसमोर उभं राहण्याइतका नक्की आहे.

‘मोबाईलचा अभ्यासावर परिणाम’ यासाठी वर्गातल्या ४० मुलांची प्रश्नावली भरून घेतली. चल कोणते लिहू?
*विद्यार्थिनी, इयत्ता नववी, कोल्हापूर*

यात तू काहीच बदललेलं नाहीस, फक्त विचारलं आहेस. जास्त मोबाईल बघणाऱ्यांचे गुण कमी निघाले तरी मोबाईलमुळे अभ्यास कमी झाला, की अभ्यास जड जातो म्हणून मुलं मोबाईलकडे वळली, हे प्रश्नावली सांगू शकत नाही. तिला सर्वेक्षणच म्हण, आणि ‘मुळे’ हा शब्द निष्कर्षात येऊ देऊ नकोस.

प्रयोगच हवा असेल तर लहान कर. पालकांची परवानगी घेऊन प्रत्येकाला २० शब्दांची यादी तीन मिनिटं पाठ करायला दे, एकदा मोबाईल बाकावर पालथा ठेवून आणि एकदा तो दुसऱ्या खोलीत ठेवून. आठवलेले शब्द मोज. याद्या दोन आणि सारख्या अवघड हव्यात. निम्म्या मुलांनी आधी मोबाईलसह आणि निम्म्यांनी आधी मोबाईलशिवाय पाठ करायचं. नाहीतर दुसऱ्या वेळी आलेला सराव किंवा कंटाळा तू मोबाईलच्या खात्यावर लिहिशील.

माठातलं पाणी स्टीलच्या पिंपापेक्षा गार राहतं, हे मी थर्मामीटरने दाखवलं. सर म्हणतात, यातून बाष्पीभवन सिद्ध होत नाही. मग कशातून होतं?
*विद्यार्थी, इयत्ता नववी, नागपूर*

माठ आणि पिंप यांत काय काय वेगळं आहे ते मोज: माती आणि धातू, जाडी, आकार, रंग, तोंडाची रुंदी. तू एक चल बदलला असं तुला वाटलं, आणि बदलले पाच. पाणी गार झालं हे खरं, पण पाचांतल्या कोणामुळे, ते कळायला वाट नाही.

बदलायची ती एकच गोष्ट: माठाच्या अंगातून पाणी बाहेर झिरपून उडू शकतं की नाही. त्यासाठी एकाच कुंभाराकडची, एकाच खेपेची, दोन-अडीच लिटरची दोन मडकी आण. दोन्ही एक दिवस पाण्याने भरून ठेव, मग ओतून टाकून दोन्हींत त्याच बादलीतलं दोन-दोन लिटर पाणी भर. सारख्याच झाकण्या ठेवून सावलीत दर अर्ध्या तासाने तापमान घे, तीन तास. अजून काहीच बदललेलं नाही. ही नुसती खात्री आहे की दोन्ही मडकी सारखी वागतात. एक मुळातच जास्त झिरपणारं निघालं तर जोडी बदल. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मग दोन मडक्यांमधला जन्मजात फरक प्रयोगाचा निकाल म्हणून मिरवतो.

जोडी जमली की दोन्ही नीट वाळव आणि एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात दे, तळालाही. रंग पूर्ण वाळला की दोन्ही पुन्हा एक दिवस भिजवून तेच मोजमाप कर. रंगवलेल्यातलं पाणी कोणी पिऊ नये. परिकल्पना: ‘बाहेरून रंग दिलेल्या मडक्यातलं पाणी तीन तासांत बिनरंगी मडक्यापेक्षा कमी गार होईल, आणि त्याचं वजनही कमी घटेल.’ यात अवलंबी चल दोन आहेत, तापमान आणि वजन, आणि दोघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. पाणी गार झालं पण वजन घटलंच नाही, तर बाष्पीभवन हे कारण नव्हे.

वजनाचा हिशेब तुला आधीच मांडता येईल. दोन लिटर पाणी ६ अंशांनी गार व्हायला २००० × ४.२ × ६, म्हणजे साधारण ५०,००० ज्यूल उष्णता निघून जायला हवी. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी उडताना साधारण २,४०० ज्यूल घेऊन जातं. म्हणजे निदान २१ ग्रॅम पाणी उडायला हवं. काट्यावर त्याहून जास्तच घट दिसेल, कारण मडकं गार होत असताना भोवतालची हवा त्याला सतत उष्णता देत राहते, आणि तीही उडणाऱ्या पाण्यालाच न्यावी लागते. घट २१ ग्रॅमपेक्षा कमी भरली, तर मात्र काटा, थर्मामीटर किंवा तुझी नोंद यांतलं काहीतरी चुकलं आहे.

हा प्रयोग एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाव आणि त्या दिवशीचं हवेचं तापमान नोंदव. श्रावणातल्या दमट हवेत दोन्ही मडक्यांत फारसा फरक पडणार नाही. पडला नाही तर तेही वहीत लिहून ठेव. पुढच्या प्रकल्पाचा स्वतंत्र चल तुला तिथेच सापडलेला असेल: हवेतली आर्द्रता, टक्क्यांत.